बाबा येतात, म्हणजे किती जण?

संध्याकाळी साडेसातनंतर घाटकोपर पूर्वेला पंतनगरातल्या किंवा गरोडिया नगरातल्या एखाद्या जुन्या इमारतीचा जिना चढत गेलं, की पहिल्या मजल्यावर कुकरची शिट्टी ऐकू येते, दुसऱ्यावर मालिकेतल्या सासूचा आवाज आणि तिसऱ्यावर, घरात आठवीचं पोर असेल तर, 'वदामि वदावः वदामः'. पोर सोफ्यावर मांडी घालून पुढेमागे डुलत असतं. आई भाजी चिरता चिरता 'पुढे?' म्हणते. 'वदसि वदथः वदथ.' 'पुढे?' 'वदति वदतः वदन्ति.' आईने शाळेत संस्कृत घेतलं होतं की फ्रेंच, याने काही फरक पडत नाही. चाल बरोबर लागली की रूपं बरोबर, एवढं तिलाही कळतं. मग सहामाहीचा पेपर येतो. तक्ता पुरा करण्याच्या प्रश्नात पैकीच्या पैकी गुण आणि भाषांतराच्या प्रश्नात लाल शाई. घरातलं निदान ठरलेलं असतं: पाठांतर कमी पडलं. माझं म्हणणं असं, की पाठांतर बिलकूल कमी पडलेलं नाही. पोराला नऊच्या नऊ रूपं झोपेतही येतात. त्याला येत नाही ते माणसं मोजायला, आणि तो दोष त्याचा नसून ज्या भाषेत त्याला जेवायला हाक मारतात त्या भाषेचा आहे.

आधी पाठांतराचा आरोप निकालात काढू, कारण तक्ता दिसतो तेवढा मोठा नाही. तीन पुरुष, तीन वचनं, म्हणून नऊ खणं. पण नऊ खणांत नऊ वेगवेगळ्या गोष्टी भरलेल्या नाहीत. 'वद्' हा धातू घ्या, त्याला 'अ' जोडा, 'वद' हे अंग तयार झालं. आता त्याला मि, वः, मः, सि, थः, थ, ति, तः, अन्ति हे नऊ प्रत्यय एकेक करून लावा. वदसि, वदथः, वदति, सगळं सरळ. फक्त दोन जागी थांबायचं. प्रत्यय 'म'ने किंवा 'व'ने सुरू होत असेल तर अंगातला 'अ' लांबतो, म्हणून 'वदमि' नव्हे, 'वदामि'. आणि 'अन्ति' लावताना दोन 'अ' शेजारी आले तरी त्यांचा 'आ' होत नाही, एकच 'अ' उरतो, म्हणून 'वदान्ति' नव्हे, 'वदन्ति'. काही धातू घरचे कपडे बदलून बाहेर पडतात. 'गम्'चं अंग 'गच्छ', 'पा'चं 'पिब', 'स्था'चं 'तिष्ठ', 'दृश्'चं 'पश्य'. 'गमति' लिहिणाऱ्या मुलाने गणवेश न घालता धातूला शाळेत पाठवलेलं असतं. ही चूक पहिल्या पंधरवड्यात होते आणि मग सुटते. पुढे आत्मनेपद येतं, त्याचे आणखी नऊ. परस्मैपदाचे नऊ आणि आत्मनेपदाचे नऊ मिळून अठरा प्रत्यय, आणि पाणिनीने ते अठराही एका सूत्रात एका दमात सांगून टाकले आहेत. ज्या पोराला आयपीएलच्या दहा संघांचे कर्णधार आणि त्यांचे लिलावातले भाव तोंडपाठ आहेत, त्याच्या स्मरणशक्तीवर अठरा प्रत्ययांवरून संशय घेणं बरं नव्हे.

आता पेपरातली लाल शाई कुठे सांडली आहे ते जवळून बघा. तीन साधी वाक्यं दिली आहेत: 'आई येते. बाबा येतात. आई-बाबा येतात.' मुलाने पहिल्याला लिहिलं 'माता आगच्छति'. बरोबर. दुसऱ्याला लिहिलं 'पिता आगच्छन्ति'. चूक. तिसऱ्याला 'पितरौ आगच्छन्ति'. हेही चूक. उत्तरं अशी हवी होती: आई आगच्छति, बाबाही आगच्छति, आणि दोघं मिळून आगच्छतः. आता मुलाच्या जागी बसून विचार करा. त्याच्या घरात आई येते आणि बाबा येतात. आईला 'अगं', बाबांना 'अहो'. जन्मल्यापासून त्याने बाबांना एकवचनात येताना पाहिलेलंच नाही. 'येतात' म्हणजे अनेकवचन, अनेकवचन म्हणजे शेवटचं खण, शेवटचं खण म्हणजे 'अन्ति'. तर्कात कुठेही खोट नाही. संस्कृतच्या हिशेबाने मात्र घरी एक बाप आला असताना मुलाने किमान तीन आल्याचं लिहून दिलं, आणि असल्या वाक्याला अर्धा गुणसुद्धा देणं कुठल्याही बाईंना कठीण आहे.

तिसऱ्या वाक्यात तर मराठीने कमालच केली आहे. बाबा एकटे आले तरी 'येतात' आणि आई बरोबर आली तरी 'येतात'. आई आल्याचा क्रियापदाला पत्ताच नाही. संस्कृत क्रियापद दारात उभं राहून डोकी मोजतं: एक, ति, दोन, तः, तीन किंवा जास्त, अन्ति. मराठी क्रियापद दारात उभं राहून आलेल्याचं वय, हुद्दा आणि घरातला दरारा पाहतं, मग काय म्हणायचं ते ठरवतं. एक साहेब आले, एक चोर आला. पाच चोर आले. मराठी अनेकवचनाला विचारलं की बाबा रे, तुझ्या पोटात किती माणसं आहेत, तर ते म्हणेल: एक मोठा माणूस, किंवा बरीच लहान. लोकलमध्ये तीन जणांच्या बाकावर चौथी सीट मागणारा माणूस खिडकीपासून तिसऱ्याला 'जरा सरका' म्हणतो. 'सरका' हे अनेकवचन, ऐकणारा एक, सरकणार दोन इंच. गणिताच्या दृष्टीने या वाक्यात काहीच जुळत नाही, तरी सीट मिळते, कारण तिथे अनेकवचन मोजायला वापरलेलंच नसतं, लाडीगोडी लावायला वापरलेलं असतं.

यावर कुणी म्हणेल की हा मराठी घरांचा प्रश्न झाला, घाटकोपरात गुजराती घरं काय थोडी आहेत? तीही मुलं त्याच वर्गात बसतात. बरोबर आहे, आणि तीही चुकतात, पण दुसऱ्या जागी चुकतात. गुजरातीत 'ते आवे छे' म्हणजे तो येतो, आणि 'तेओ आवे छे' म्हणजे ते येतात. क्रियापद जागचं हलत नाही. मम्मी आवे छे, पप्पा आवे छे, मम्मी-पप्पा आवे छे. म्हणून गुजराती घरातलं मूल बाबांचं वाक्य अचूक लिहितं आणि आई-बाबांच्या वाक्यातही 'आगच्छति' लिहून मोकळं होतं. त्याच्या मते 'आवे छे'मध्ये सगळा गाव मावतो. पण समोरच्या माणसाशी बोलताना गुजरातीही वचनाला आदराच्या कामाला लावते. मित्राला 'तुं क्यां जाय छे', दुकानातल्या काकांना 'तमे क्यां जाओ छो'. मग 'काका, तुम्ही कुठे जाता?' हे वाक्य आलं की मराठी आणि गुजराती पोरं गळ्यात गळे घालून 'यूयं कुत्र गच्छथ' लिहितात. एका काकांची घाऊक काकामंडळी होते. अपेक्षित उत्तर 'भवान् कुत्र गच्छति' असं असतं. म्हणजे आदर दाखवायचा तर संस्कृत आकडा वाढवत नाही, पुरुष बदलते. समोर बसलेल्या काकांविषयी ते तिथे नसल्यासारखं बोलायचं: आपण कुठे जात आहात, असं न विचारता, महाशय कुठे जातो, असं विचारायचं. मराठी मुलाला हा आदर वाटतच नाही. त्याच्या कानाला तो सरळसरळ अपमान वाटतो, आणि म्हणून हात 'गच्छति' लिहायला धजत नाही.

पुरुषाचा विषय निघालाच आहे तर त्यातली एक गंमत सांगून पुढे जातो. मराठीच्या तासाला 'मी' प्रथमपुरुष असतो, इंग्रजीच्या तासालाही. संस्कृतच्या पारंपरिक तक्त्यात प्रथमपुरुष म्हणजे 'तो', 'तू' मध्यम आणि 'मी' उत्तम, म्हणजे अगदी शेवटचा. पाणिनीची व्यवस्था अशी आहे की आधी 'तू'ची सोय लावली, मग 'मी'ची, आणि उरलेल्या सगळ्यांना मिळून प्रथम हे नाव दिलं. घाटकोपरला मेट्रोच्या जिन्याखाली संध्याकाळी ज्याने रांग पाहिली आहे त्याला हे पटकन पटेल. तिथेही तुम्ही आणि मी शिस्तीत उभे असतो आणि उरलेले सगळे प्रथम असतात. पण घरोघरचा घोष मात्र 'मि'पासून सुरू होतो आणि पारंपरिक तक्ता 'ति'पासून, त्यामुळे चालीवर लिहिणाऱ्या मुलाचा तक्ता डोकं खाली पाय वर असा उतरतो. ही चूक जीवघेणी नाही. रांगेचं नाव नीट वाचलं की टळते.

खरा जीव अडकतो तो मधल्या स्तंभात. द्विवचन रद्द करा, अशी मागणी पालकसभेत सर्वांत जास्त टाळ्या मिळवील. तीन खणं कमी होतील, वहीची पानं वाचतील. आणि तशी ती मागणी फार उशिरा होते आहे, कारण आपल्या पूर्वजांनी ती केव्हाच मान्य करून टाकली. अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात गिरनारच्या खडकावर आपल्या मुदपाकखान्याचा हिशेब कोरून ठेवला आहे. आता फक्त दोन मोर आणि एक हरीण मारलं जातं, अशी कबुली त्यात आहे. दोन मोर! द्विवचनाला याहून चांगली संधी कोणती मिळणार? पण लेखाच्या प्राकृतात शब्द 'दोन' असूनही मोर सरळ अनेकवचनात बसवले आहेत. पुढे बाराव्या शतकात अणहिलवाड पाटणच्या जैन आचार्य हेमचंद्रांनी प्राकृतचं व्याकरण लिहिताना या गोष्टीवर एका सूत्रात शिक्काच मारला, की द्विवचनाच्या जागी बहुवचन घ्यावं. घाटकोपरातल्या जैन मुलाला आपली बाजू मांडायला याहून वजनदार साक्षीदार सापडणार नाही. परीक्षेत मात्र साक्षीदार चालत नाहीत.

मराठीत तर ही काटछाट आजही दिसते. तक्त्यातली जुनी वर्तमानकाळाची रूपं मराठीने टाकून दिली नाहीत, दुसऱ्या खोलीत हलवली. 'देव तारी त्याला कोण मारी' या म्हणीतले 'तारी' आणि 'मारी' म्हणजे 'तारयति' आणि 'मारयति'चीच झिजलेली रूपं आहेत, अर्थही वर्तमानाचाच. एरवी 'आजोबा रोज फिरायला जात', 'ती रोज देवळात जाई' असं म्हटलं की तीच जुनी वर्तमानकाळाची रूपं आता भूतकाळाची नोकरी करताना दिसतात. गंमत अशी की 'जाई' एकवचन उरलं, 'जात' अनेकवचन उरलं, आणि मधला स्तंभ तेवढा सफाचट. दोन माणसांचं काम आपण क्रियापदाकडून काढून घेतलं आणि 'दोघे', 'दोघी', 'दोघं' या शब्दांवर सोपवलं. म्हणजे मोजण्याची गरज संपली नव्हती, खातं बदललं होतं.

आणि म्हणूनच मधला स्तंभ रद्द करण्याला माझा विरोध आहे. घाटकोपर स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षाचा नियम बघा. मागच्या सीटवर एक जण बसला तर रिक्षा उभी. दोन जण बसले तरी उभी, आणि ड्रायव्हर 'एक सीट, एक सीट' असं ओरडत राहतो. तिसरा बसला की किल्ली फिरते. संस्कृतात बहुवचन तिसऱ्यापासून सुरू होतं, आणि शेअर रिक्षाही बहुवचन झाल्याशिवाय सुटत नाही. मराठीत मात्र आत दोघे बसले असतानाही 'लोक बसलेत, आता चला' असं म्हणता येतं, आणि तसं म्हणणाऱ्याकडे ड्रायव्हर ज्या नजरेने बघतो ती नजर पेपर तपासणाऱ्या बाईंची आहे. द्विवचन काय असतं हे आठवीच्या मुलाला समजावून सांगायला फळा लागत नाही. रिक्षात बसून तिसऱ्याची वाट बघणं हेच द्विवचन आहे.

लिहिण्यातली याची खूणही सोपी आहे. 'वदथः' म्हणजे तुम्ही दोघं बोलता, 'वदथ' म्हणजे तुम्ही सगळे बोलता. दोन टिंबं असली की दोन माणसं. घोष भराभर म्हणताना दोन्ही 'वदथ वदथ' असे एकसारखे ऐकू येतात, आणि कानावर विसंबून लिहिणारं मूल विसर्ग एकतर दोन्हींकडे देतं किंवा कुठेच देत नाही. बाईंना ती शुद्धलेखनाची चूक वाटते, पण ती लोकसंख्येची चूक आहे. द्विवचनाचे तिन्ही प्रत्यय, वः, थः आणि तः, दोन टिंबांचे आहेत. बहुवचनात 'थ' आणि 'अन्ति' बिनटिंबांचे. एकच जण नियम मोडतो तो 'मः', म्हणजे 'आम्ही सगळे'. नियम सगळ्यांना आणि सवलत आम्हाला, हे ज्याने एकदा तरी सोसायटीची सर्वसाधारण सभा पाहिली आहे त्याला वेगळं लक्षात ठेवावं लागणार नाही.

आता सगळ्यात भारी आक्षेपाकडे येतो. संस्कृतचे जाणकार म्हणतील, हे सगळं ठीक, पण संस्कृतातही आदरार्थी बहुवचन आहेच. गुरूंविषयी, पूज्य माणसांविषयी बोलताना एकालाही बहुवचन लावलेलं ग्रंथांत सापडतं. एवढंच काय, पाणिनीने स्वतः 'मी' आणि 'आम्ही दोघं' यांच्यासाठीही विकल्पाने बहुवचन वापरायची मुभा दिली आहे. मग 'पिता आगच्छन्ति' लिहिणाऱ्या पोराने काय पाप केलं? आक्षेप खरा आहे, आणि मला तो आवडतो, कारण त्याने माझीच बाजू बळकट होते. आदर दाखवायचा तर सगळं वाक्य आदराने बोलावं लागतं. बापालाही बहुवचनात घ्यायचं, 'पितरः आगच्छन्ति', आणि हे ऐकणाऱ्याला श्राद्धाचे पितर आले असं वाटण्याचा धोका पत्करायचा. मुलाने कर्ता एकवचनात ठेवला आणि क्रियापद तेवढं अनेकवचनात नेलं, म्हणजे बाप संस्कृत आणि त्याचं येणं मराठी. 'मी'ची मुभा मात्र मुलांच्या खरंच उपयोगाची आहे. 'आम्ही दोघं जातो' याला 'वयं गच्छामः' लिहिणाऱ्या मुलाला पाणिनी माफ करील. उत्तरपत्रिका तपासणारा करील की नाही ते त्याच्या मनावर, म्हणून मुलांनी आपलं 'आवां गच्छावः' लिहावं हे बरं.

दुसऱ्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर मराठीवर अन्याय होईल. संस्कृत डोकी मोजण्यात चोख आहे, पण एक गोष्ट तिला मोजता येत नाही. 'वयं गच्छामः' म्हटलं तर ऐकणाऱ्याने चप्पल घालायची की नाही? ते कळायला मार्ग नाही. मराठीत 'आम्ही जातो' म्हटलं की तू घरी बस, आणि 'आपण जाऊ' म्हटलं की तूही चल. गुजरातीतही तसंच, 'अमे' आणि 'आपणे'. मंडळाच्या बैठकीत 'आपण वर्गणी वाढवू' आणि 'आम्ही मिरवणुकीचं बघतो' ही दोन वाक्यं एकाच दमात टाकणाऱ्या अध्यक्षांना संस्कृतात राजीनामा द्यावा लागेल. दोन्ही वाक्यांना ती 'वयम्' म्हणते, आणि मग वर्गणी देणारे मिरवणुकीचाही हिशेब मागतील. तेव्हा मराठी मूल संस्कृतात चुकतं ते त्याला मोजता येत नाही म्हणून, हे माझं वरचं विधान मी थोडं सुधारून घेतो. त्याला मोजता येतं. ते वेगळ्या गोष्टी मोजतं: कोण मोठा, कोण आपल्यातला. तक्ता फक्त एवढंच विचारतो, की किती.

मग उपाय घोषाचा आवाज वाढवण्यात नाही. चाल म्हणायला हरकत नाही, चालीने प्रत्यय लवकर येतात. पण भाषांतराच्या वाक्याला हात घालण्यापूर्वी मुलाने समासात कर्त्याच्या डोक्यांचा आकडा लिहावा: 1, 2, किंवा 3 आणि त्यापुढे काहीही असो, 3. बाबा, 1. आई-बाबा, 2. आई, बाबा आणि आजी, 3. मग त्या आकड्याचा स्तंभ धरावा, मराठी क्रियापदाकडे ढुंकूनही बघू नये. हे तीन सेकंदांचं काम आहे, आणि त्यात बाबांचा कसलाही अनादर नाही. ज्या घरांत आता 'ए बाबा, ये ना' म्हणायची पद्धत आली आहे, तिथली मुलं हे आकडा न लिहिताही बरोबर सोडवतात. पण तेवढ्यासाठी कुणी आपल्या वडिलांना 'अरे' म्हणायला लागावं असं मी सुचवणार नाही.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्या बाईंना आणि सरांना एक विनंती. तुम्ही सगळे बसून पेपर काढा, किंवा तुम्ही दोघं, किंवा तुम्ही एकटे. पण वाक्यात 'तुम्ही' हा शब्द टाकाल तेव्हा पुढे कंसात किती जण ते लिहा.